मुलं मामाकडे, मोती कुणाकडे?

*ताई नमस्कार. आम्ही बदलापूरला राहतो, रो-हाउस आहे, मागे छोटं अंगण. दोन वर्षं झाली लोकांचे कुत्रे-मांजरं सांभाळायला घेतो, जास्त करून मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, एका वेळी सहाच. मी आणि सासूबाई दिवसभर घरी असतो, रात्री प्राणी हॉलमध्येच झोपतात, पिंजरा नाही. दिवसाला ४५० घेतो, चिकन-भात पाहिजे असेल तर ८० वेगळे, संध्याकाळी जास्तीची चक्कर पाहिजे तर ५०. आजूबाजूला ७०० च्या खाली कोणी नाही. आता बोर्ड करायचाय, त्यावर टॅगलाइन पाहिजे. मुलाने चार काढल्यात: "तुमच्या लाडक्याचं दुसरं घर", "सुट्टी तुमची, काळजी आमची", "सर्वात स्वस्त पेट होस्टेल", "पाळीव प्राण्यांसाठी माफक दरात उत्तम सेवा". यातली कुठली घेऊ?*
*— एक वाचक, बदलापूर*

अहो ताई, आधी बोर्डवाल्याला फोन करून थोडे दिवस थांब म्हणून सांगा. चारातली एकही घेऊ नका. मुलाला वाईट वाटेल पण त्याला म्हणावं तुझी चूक नाही, सगळे जण पहिल्यांदा ह्याच चार काढतात, मीपण काढल्या असत्या.

एक सोपी गंमत करून बघा. तुमच्या नावाच्या जागी दुसरंच काहीतरी नाव टाका आणि खाली तीच ओळ ठेवा. "दुसरं घर" ही ओळ लेडीज होस्टेलच्या खाली बसते, पाळणाघराच्या खाली बसते, वृद्धाश्रमाच्या खाली तर इतकी बसते की अंगावर काटा येतो. "सुट्टी तुमची, काळजी आमची" ही कुलूपवाल्याला चालेल, सीसीटीव्हीवाल्याला चालेल, टूरवाल्याला तर चालेलच. जी ओळ दहा धंद्यांना चालते ती तुमचं काहीच सांगत नाही. चौथी ओळ वाचताना तर मला दातांच्या दवाखान्याची पाटी आठवली, आणि "पाळीव प्राणी" हा शब्द शाळेच्या निबंधातला आहे, आपल्या कुत्र्याला कोणी पाळीव प्राणी म्हणतं का, लोक म्हणतात आमचा टायगर, आमचं बाळ, आमची मनी.

तिसरीवर मात्र जरा थांबते कारण ती तुम्हाला मनातून आवडलेली असणार. भाव कमी आहे ते सांगायचंच आहे ना, मग सर्वात स्वस्त म्हटलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. कांदे स्वस्त मिळाले तर आपण शेजारणीला कौतुकाने सांगतो, पण पोराला सर्वात स्वस्त पाळणाघरात टाकलंय असं कोणी सांगत नाही, परवडत नसेल म्हणून टाकलं असेल तरी नाही. कुत्र्याचंही तेच आहे. घरातली बाई बॅगा भरत असते, तो दारात बसून तिच्याकडे बघत असतो, तिला आधीच अपराधी वाटत असतं, आणि त्यात तिने त्याला "सर्वात स्वस्त" ठिकाणी ठेवायचं? ती ७०० वाल्याकडे जाईल, निदान मनाला बरं वाटावं म्हणून. शिवाय उद्या पलीकडच्या गल्लीत कोणी ४०० मध्ये सुरू केलं की तुमचा बोर्ड खोटा. जाहिरातीत "सर्वात" म्हटलं की कोणी विचारलं तर पुरावा द्यायची तयारी लागते, तो तुमच्याकडे नाही, कोणाकडेच नसतो.

पण म्हणून भाव लपवायचा असं मी म्हणत नाही हं. उलट भाव आकड्यात लिहा, फक्त टॅगलाइनमध्ये नको, तिच्या खालच्या ओळीत लिहा. स्वस्त हा शब्द मान खाली घालायला लावतो, आकडा लावत नाही. आकडा वाचून माणूस स्वतःच मनात म्हणतो की अरे हे परवडतंय. ते त्याला म्हणू द्या, तुम्ही नका म्हणू.

आणि इथे मला तुमच्या ४५० बद्दल बोलायचंय, कारण बोर्डावर ४५० लिहिलंत तर भांडणं होतील. कशी ते हिशोबानेच बघू. समजा कल्याणचं एक कुटुंब शनिवारी सकाळी सातला त्यांचा लॅब्रेडॉर कुत्रा तुमच्याकडे आणून देतं आणि पुढच्या रविवारी रात्री नऊला घ्यायला येतं. त्यांच्या मनात आठ दिवस, आठ गुणिले ४५०, ३६०० रुपये. आता त्यांनी चिकन-भात आणि संध्याकाळची चक्कर दोन्ही घेतलं, कारण लॅब आहे, घेणारच, तर दिवसाचे ५८० झाले. आणि तुम्ही वहीत तारखा मोजल्यात तर शनिवार ते पुढचा रविवार हे नऊ दिवस होतात. ५८० गुणिले नऊ म्हणजे ५२२०. माणूस ३६०० डोक्यात घेऊन आलाय, दिवसभर प्रवास करून, मुलं रडकुंडीला आलेली, आणि तुम्ही ५२२० सांगता. तुम्ही काही फसवलेलं नाही, पण तो सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहील ते तुम्हाला माहितीये. १६२० चा फरक आहे हो.

मी असते तर एकच भाव ठेवला असता. एका रात्रीचे ५५०, खाणं आणि फिरवणं धरून, आणि मोजायच्या त्या रात्री, तारखा नाहीत. वरच्या कुटुंबाच्या आठ रात्री, ४४०० रुपये, निघतानाच त्यांना कळलं. ७०० वाल्याकडे त्याच आठ रात्रींचे किमान ५६०० गेले असते, म्हणजे बाराशे वाचले, आणि हे गणित त्यांनी स्वतः केलं. तुमचं नुकसान होतंय असं वाटेल कारण सगळं घेणाऱ्याकडून तुम्ही ५८० घेत होतात, पण जे साधे ४५० वाले होते त्यांच्याकडून आता दर रात्रीमागे १०० जास्त येतात, फक्त त्यांच्या खाण्याचा खर्च आणि तारखांऐवजी रात्री मोजल्यावर कमी होणारा एक दिवस हिशोबात धरा. मागच्या मे महिन्याची वही काढा आणि किती जण कुठल्या प्रकारचे होते ते मोजा. सगळेच सगळं घेणारे निघाले तर ५८० ठेवा, तरी ७०० च्या खालीच आहात. आणि फक्त "घरचं खाणं आम्हीच देऊ" म्हणणाऱ्यांचं काय ते आधीच ठरवून टाका, फोनवर घासाघीस सुरू झाली की एकच भाव ठेवण्यात काही अर्थ उरत नाही.

आता मूळ टॅगलाइन. ती डोकं खाजवून सुचत नाही, ती तुमच्या फोनमध्ये आहे. व्हॉट्सअ‍ॅप उघडा, जुन्या गिऱ्हाइकांच्या चॅटमध्ये पार वर जा आणि प्रत्येकाने सगळ्यात पहिले काय विचारलं ते एका कागदावर जसंच्या तसं उतरवा, पंधरा-वीस जणांचं पुरे. भाव किती हा प्रश्न असेलच, तो सोडा. त्याच्या पुढचा प्रश्न बघा. "पिंजऱ्यात ठेवता का?" "रात्री कोणी असतं का?" "त्याला एकटं राहायची सवय नाहीये, चालेल ना?" मी पैज लावते की बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येईल, माझ्या मागे त्याच्याजवळ माणूस असेल ना. लोकांना एसी नको असतो, त्यांना कोणीतरी घरी असायला हवं असतं.

आणि तुम्ही पत्रात काय लिहिलंय, अगदी जाता जाता, जसं काही विशेष नाहीच. सासूबाई दिवसभर घरी असतात.

अहो तेच आहे की! ७०० वाल्याकडे स्विमिंग पूल असेल, आजी नसेल.

ह्याला दुसरं टोक जोडू. तुमचं गिऱ्हाईक कधी येतं, तर शाळेला सुट्टी लागली की, म्हणजे घरातली मुलं कुठेतरी निघालेली असतात. आपल्याकडे सुट्टी म्हटलं की पहिला शब्द काय येतो, मामा. आता निम्मी मुलं मामाकडे न जाता मनालीला जातात हे मलाही माहितीये, पण कानाला अजून सुट्टी म्हणजे मामाच. मग ओळ अशी झाली:

मुलं मामाकडे, मोती आजीकडे.

चार शब्द. ह्यात बोर्डिंग नाही, होस्टेल नाही, काळजी नाही, प्रेम नाही, घर नाही, आणि तरी सगळं आलं. सुट्टी आली, कुटुंब प्रवासाला निघालंय हे आलं, कुत्र्याला टाकून नाही चाललो तर त्यालाही सुट्टीतल्या ठिकाणी पाठवलंय हे आलं. आईच्या मनातला अपराधीपणा जो आहे ना तो इथे थोडा हलका होतो. मुलालासुद्धा हे सांगता येतं, पाच वर्षांचं पोर रिक्षात बसताना रडत असेल तर त्याला म्हणता येतं की तू मामाकडे चाललायस ना, मोती आजीकडे चाललाय. ही ओळ तुमच्यासाठी मुलांची आईच बोलेल, आणि फुकट बोलेल.

क्रियापद नाहीये हेही मुद्दाम. ह्यात मी एकदा सपाटून आपटलेय म्हणून सांगते. खूप वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणासाठी मी ओळ लिहून दिली होती, "बाळाला सोडून निश्चिंत जा". मला फार आवडली होती. पत्रकं वाटून झाल्यावर एका काकूंचा त्यांना फोन आला, की अहो सोडून जा काय, सोडून द्यायला आम्ही काय त्याला रस्त्यावर टाकतोय का. आणि बरोबरच होतं त्यांचं, मराठीत कुत्रं सोडून येणे म्हणजे पोत्यात घालून लांब नेऊन टाकणे. "ठेवून जा" म्हटलं तर बॅग वाटते, क्लोकरूममध्ये ठेवल्यासारखी. तुम्हाला फोनवर बोलतानाही हे लक्षात ठेवता येईल, "कधी सोडताय?" असं विचारू नका, "कधी येतोय तो राहायला?" असं विचारा. आहे ते तेवढंच, पण पलीकडचा माणूस सैल होतो.

मांजरवाल्यांसाठी वेगळी ओळ नको. स्टेटस टाकताना फक्त नाव बदला, "मुलं मामाकडे, मनी आजीकडे". आणि गिऱ्हाइकाला त्याच्या कुत्र्याचा पहिल्या रात्रीचा फोटो पाठवाल तेव्हा त्याचंच नाव घाला, "रॉकी आजीकडे", बास. तो फोटो तो माणूस स्वतःच्या स्टेटसला लावणार, तुमची अर्धी जाहिरात तिथेच झाली.

आता ह्यातले धोके. आजी म्हटलं की आजी दिसली पाहिजे. लोक दारात आल्यावर सासूबाई खरंच बाहेर येऊन बसल्या पाहिजेत, त्यांना कुत्र्यांची भीती असेल किंवा त्या आतल्या खोलीत टीव्ही बघत असतील आणि सगळं तुम्हीच करत असाल तर ही ओळ नका घेऊ, खोटी पडेल. चाळीस किलोचा लॅब त्यांनी फिरवावा असं कोणी म्हणत नाही, तो तुम्हीच फिरवा, पट्ट्याला एक हिसडा बसला तर आजींचं मनगट जाईल. पण घरी माणूस आहे हे वचन आहे आणि ते पाळायला लागेल, म्हणजे मे महिन्यात एखाद्या लग्नाला तुम्ही दोघी एकत्र नाही जाऊ शकणार. सासूबाई आषाढीला वारीला जात असतील तर बिनधास्त जाऊ द्या, तोवर शाळा सुरू झालेल्या नाहीतर व्हायला आलेल्या असतात, तुमचा सीझन संपलेला असतो. आणि उद्या धंदा वाढून दुसरी जागा घेतलीत तर तिथे आजी नसणार, तेव्हा ओळ "मोती आमच्याकडे" अशी करायची. तेव्हाचं तेव्हा.

अंगणाचा मोह बोर्डावर टाळा. मला कळतंय की ते अंगण तुमचा अभिमान आहे, पण बदलापूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगू, पारा चाळीसच्या वर जातो, दुपारी फरशीवर आपला अनवाणी पाय टेकत नाही तिथे कुत्र्याचे तळवे भाजतात. आपल्या हाताची उलटी बाजू फरशीवर पाच सेकंद ठेवून बघायची, ठेववत नसेल तर त्यालाही बाहेर काढायचं नाही. समजदार गिऱ्हाईक "मोकळं अंगण" वाचून खूश होणार नाही, ते विचारेल दुपारी कुठे असतात. दिवाळीतही तसंच, फटाक्यांना घाबरून कुत्रे उडी मारून पळतात, त्या दिवसांत अंगण ही जोखीम आहे. तेव्हा अंगण फोटोत संध्याकाळचं दाखवा, शब्दात नको.

बोर्डावर टॅगलाइनखाली दोन ओळी लिहायच्या. एक भावाची, "एका रात्रीचे ५५०, खाणं-फिरवणं धरून". दुसरी, "लसीचं कार्ड आणणे". ही दुसरी लोकांना हाकलेल असं वाटतं पण होतं उलटं. कार्ड मागणाऱ्याकडे बाकीचे कुत्रेही कार्डवालेच असणार हे माणसाला कळतं, रेबीजची आणि नाइन-इन-वनची लस झालेली आहे म्हणजे शेजारी झोपणाऱ्या कुत्र्याकडून मोठे आजार लागायची भीती बरीच कमी. भाव कमी असला की लोकांना पहिली शंका हीच येते की इथे कोणालाही घेत असतील. ती शंका ह्या तीन शब्दांनी जाते, एक रुपया खर्च न करता.

बोर्ड किती मोठा हे तुम्ही लिहिलं नाहीये. पाट्या रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशोब असा असतो की दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. रस्त्याच्या पलीकडून, साठ फुटांवरून स्कूटरवाल्याला वाचता यायला हवं तर सहा इंचाचं अक्षर झालं, आणि आपल्या लिपीत वर मात्रा खाली उकार असतात, त्यांना जागा धरून त्याहून थोडं जास्तच घ्या. सहा बाय तीनच्या बोर्डावर चार शब्द दोन ओळींत आरामात बसतात, खाली भाव आणि फोन नंबर. मुलाची ती "पाळीव प्राण्यांसाठी माफक दरात उत्तम सेवा" बसवायला गेलात तर अक्षर बारीक करावं लागेल, म्हणजे जवळ येऊन वाचायचं. शिवाय ह्या चार शब्दांत एकही जोडाक्षर नाही, लांबून गिचमिड होत नाही.

तुमच्याकडे बिगरमराठी सोसायट्याही बऱ्याच असतील. त्यांच्यासाठी शब्दाला शब्द भाषांतर करू नका, हिंदीत मुलं मामाकडे जात नाहीत, नानीकडे जातात. "बच्चे नानी के घर, मोती दादी के घर" असं करा, तेच वजन राहतं. ते बोर्डावर नको, फक्त त्यांच्या ग्रुपवर.

आता पारखून बघायचं. नातेवाइकांना "कशी वाटते" असं विचारू नका, सगळे छान म्हणतात, किंवा सगळ्यांना कवी व्हायचं असतं. जुन्या गिऱ्हाइकांपैकी आठ-दहा जणांना काहीतरी निमित्ताने फोन करा आणि बोलता बोलता ओळ एकदाच म्हणा. तीन दिवसांनी पुन्हा फोन करा आणि विचारा, तुम्हाला मी काय म्हटलं होतं आठवतंय का. "ते आजीकडे काहीतरी" एवढं जरी आठवलं तरी जमलं. दोन ओळींची दोन पत्रकं छापून दोन सोसायट्यांत वाटायची आयडिया मुलगा काढेल, एमबीएवाले तसंच करतात, पण दोनशे-दोनशे पत्रकांवर एकीकडून पाच फोन आले आणि एकीकडून तीन, तर त्यावरून काहीही कळत नाही, कदाचित त्या सोसायटीत कुत्रेच कमी असतील.

आणि ओळ लोकांसमोर कधी आणायची हे ओळीइतकंच महत्त्वाचं आहे. मे महिन्यात बोर्ड बघून कोणी येत नाही, तेव्हा सगळं ठरलेलं असतं. लोक कुत्र्याचा विचार करतात तो तिकीट काढताना. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होतं. आणि ट्रेनने कुत्र्याला बरोबर न्यायचं तर फर्स्ट क्लासचं अख्खं कूपे नाहीतर गार्डच्या डब्यातला खोका, थ्री-टायर एसीत नाही नेता येत, म्हणजे तिकीट निघालं त्याच रात्री घरात विषय निघतो की ह्याचं काय करायचं. दहा मेला निघणारा माणूस अकरा मार्चच्या आसपास तिकीट काढतो. तेव्हा मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्टेटस आणि ग्रुप सुरू करा, आणि सोबत "सहाच जागा" लिहा, कारण ते खरं आहे. दिवाळीचं ह्याच हिशोबाने दोन महिने आधी. सहा भरले की स्टेटस काढून टाका, भरल्यावरही फोन येत राहिले आणि तुम्ही नाही नाही म्हणत बसलात तर पुढच्या वर्षी तो माणूस विचारणारच नाही.

बोर्डवाल्याला मजकूर कागदावर लिहून द्या, फोनवर सांगू नका, आणि रंगवायच्या आधी एकदा जाऊन बघा. तो "मुलं" चं "मुले" करणार, त्याला वाटतं तेच शुद्ध आहे. "मुले मामाकडे" म्हटलं की परत शाळेची पाटी झाली. आणि हे सगळं करायच्या आधी सासूबाईंना विचारा, नाव त्यांचं लागतंय बोर्डावर, त्यांना "आजी" म्हणवून घ्यायचंय का ते त्यांनाच ठरवू द्या.